कप अर्धा परत आला तर

काउंटरच्या आतल्या आणि बाहेरच्या मंडळींनो,

रविवारी माझी शेवटची शिफ्ट. पुढच्या आठवड्यापासून मी चिकमगळूरला, कॉफी भाजण्याच्या कामावर. जाण्याआधी तुमचे आभार मानायचे आहेत, पण नुसते ‘सर्वांचे आभार’ लिहून भागणार नाही. कुणाचे कशासाठी, हे सांगायला हवं.

बरिस्ताची एक अडचण असते. तो कप बनवतो, पण पीत नाही. वजनकाटा आणि घड्याळ पुढ्यात असतात, तरी कप कसा झाला हे शेवटी दुसऱ्याकडूनच कळतं. मला ते तुमच्याकडून कळलं.

सकाळच्या शिफ्टच्या दादापासून सुरुवात करते. आपला ठरलेला हिशोब तुला पाठ आहे: १८ ग्रॅम पूड, कपात ३६ ग्रॅम कॉफी, वेळ २५ ते ३० सेकंद. पण काल जुळलेला ग्राइंडर आज जुळतोच असं नाही. या पावसाळ्यातली ती सकाळ आठव. भाजून जवळजवळ महिना झालेल्या पाकिटातल्या बिया हॉपरमध्ये होत्या. पहिला शॉट २१ सेकंदांतच ३६ ग्रॅमवर पोचला. रंग फिका, चव पातळ आणि आंबट. भाजलेल्या बियांमध्ये कार्बन डायऑक्साइड अडकलेला असतो आणि तो पाण्याला थोडा अडवतो. बिया जुन्या झाल्या की हा वायू निघून जातो आणि पाणी पुडीतून पळत सुटतं. म्हणून दळण बारीक करायचं.

मी एक खूण बारीक केलं आणि लगेच दुसरा शॉट लावायला निघाले. तू म्हणालास, “थांब, आधीची पूड काढ.” पात्यांच्या मध्ये आणि नळीत जुन्या दळणाची थोडी पूड अडकून राहते. ती न काढता शॉट लावला, तर दोन दळणांची भेसळ चाखून आपण निर्णय घेतो. थोडी पूड दळून फेकली, मग शॉट लावला: २५ सेकंद. आंबटपणा उतरला, पण जिभेच्या कडेला अजून होता. डोस तोच, पाणी तेवढंच, फक्त दळण आणखी अर्धी खूण बारीक. २९ सेकंद, आणि गोडवा आला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही तुझी शिस्त. दोन बदलल्या तर कशामुळे सुधारलं ते कळत नाही, आणि उद्या परत तेच करायचं म्हटलं तर जमत नाही.

आणखी एक गोष्ट तू दाखवलीस. कधीकधी वेळ बरोबर २८ सेकंद येते, तरी कॉफी एकाच घोटात आंबटही लागते आणि कडूही. अशा वेळी दळणाला हात लावायचा नाही. पूड बास्केटमध्ये सारखी पसरलेली नसते किंवा टॅम्पर तिरका दाबलेला असतो. पाणी मऊ जागेतून वाट काढतं. तिथली पूड प्रमाणाबाहेर धुतली जाते आणि बाकीची अर्धीकच्ची राहते. बिनतळाच्या पोर्टाफिल्टरमध्ये ते दिसतंही: एकच धार खाली यायच्या ऐवजी बाजूला बारीक पिचकाऱ्या उडतात आणि टी-शर्टवर ठिपके पडतात. घड्याळ इथे काहीच सांगत नाही. म्हणून तू प्रत्येक पहिला शॉट दोन चमच्यांनी चाखायला लावलास, एक तुझा, एक माझा.

आता मोरीवरच्या मावशी. तुम्ही कॉफी पीत नाही, चहाच लागतो तुम्हाला. पण या दुकानात कॉफीबद्दल सगळ्यात खरी बातमी तुमच्याकडे असते. “खिडकीपाशी दिलेले दोन्ही कप अर्धेच परत आले गं,” असं तुम्ही सांगितलंत, की मी पुढची ऑर्डर थांबवून दूध बघायची. एका उन्हाळ्यात असं लागोपाठ व्हायला लागलं. दुधाला फेस यायचा, पण जग फिरवला की चुरचुर आवाज करत बसायचा आणि वर मोठे बुडबुडे राहायचे. फेस धरून ठेवतात ती दुधातली प्रथिनं. पण दूध नीट थंड राहिलं नाही किंवा वाटेत फार ढवळलं गेलं, तर त्यातली चरबी फुटते. तिच्यातून सुटणारी आम्लं फेस टिकू देत नाहीत. असं दूध नासलेलं नसतं, चहाला चालतं, त्यामुळे चटकन शंका येत नाही. दूधवाले दादा, तुम्ही वाद न घालता क्रेट बदलून दिलात आणि दुसऱ्या दिवसापासून आमचा क्रेट टेम्पोत सावलीच्या बाजूला ठेवलात. तुमचेही आभार.

आणि रोज सकाळी पेपर घेऊन येणारे काका. “कॅपुचिनो, पण कडक गरम.” आपल्या घरांत दूध उतू जाईपर्यंत तापतं, त्यामुळे ६० अंशांचं दूध तुम्हाला कोमट लागणार, यात तुमचं काही चुकत नाही. पण ७० अंशांच्या पुढे दुधाला शिजल्याचा वास येतो आणि फेस जाड, कोरडा होतो. तुम्ही कप परत पाठवत राहिलात, म्हणून मी दुधाऐवजी कपाकडे बघायला लागले. जाड चिनी मातीचा गार कप दुधातली बरीच उष्णता ओढून घेतो. तेव्हापासून तुमचा कप आधी उकळत्या पाण्याने भरून ठेवते, दूध ६५ ते ६८ अंशांवर थांबवते, फेस कमी ठेवते आणि कप स्वतः टेबलावर आणून देते. त्यानंतर तुमचा कप परत आलेला नाही.

माझ्या जागी येणाऱ्या ताईसाठी इतकंच. काकांचा कप वर लिहिल्याप्रमाणे. दुपारी लॅपटॉप घेऊन येणारी मुलगी अमेरिकानो मागते. तिला आधी पाणी आणि वरून शॉट असं दे, क्रेमा टिकलेला तिला आवडतो. शनिवारी आजोबांबरोबर येणाऱ्या छोट्याला दुधाचा नुसता फेस लागतो, त्याचे पैसे लावायचे नाहीत, असं मालकांनीच ठरवलंय. रात्री हॉपरमध्ये बिया ठेवू नकोस, पावसाळ्यात तर मुळीच नको, घट्ट झाकणाच्या डब्यात काढ. स्टीमची नळी प्रत्येक वेळी वापरल्याबरोबर ओल्या फडक्याने पूस आणि वाफ सोड, वाळलेलं दूध मग खरवडावं लागतं.

चिकमगळूरहून तुमच्याकडे येणाऱ्या पाकिटांवर भाजल्याची तारीख आता मीच घालणार आहे. तीन-चार दिवसांचं पाकीट घाईने उघडू नका. ताज्या बियांत वायू इतका असतो की क्रेमा भरपूर दिसतो, पण शॉट लहरी येतो. आठवडा-दहा दिवस थांबलात तर तो स्थिरावतो. आणि तरीही काही बिनसलं, तर ‘कॉफी बरी नाही’ एवढंच कळवू नका. तारीख, डोस, कपातलं वजन आणि सेकंद, चारही लिहून पाठवा. मावशी, कप किती उरला होता, ते तुम्ही सांगा.

तुमचीच,
सकाळच्या शिफ्टची