वीज आली, पण मॅच दिसेना

२९ जून २०२४ची रात्र. टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात १६ धावा हव्या आहेत. समजा, हार्दिक पंड्या धावत येतो आणि नेमकी त्याच क्षणी एका घरातली वीज जाते. लगेच परतही येते.

टीव्ही उजळतो, पण पडद्यावर ‘No Signal’. म्हणजे टीव्ही तयार आहे, सेट-टॉप बॉक्सकडून चित्र आलेलं नाही. बॉक्स हा छोटा संगणकच. वीज तुटली की तो पहिल्यापासून सुरू होतो: आधी स्वतःचं सॉफ्टवेअर, मग उपग्रहाचा सिग्नल, शेवटी कोणती चॅनेल दाखवायची याची परवानगी. यात मिनिट-दोन मिनिटं सहज जातात.

मुलगा अधीर होऊन बॉक्सचं बटण बंद-चालू करतो. “अरे, हात नको लावूस!” आई ओरडते. तिचं बरोबर आहे, कारण दर वेळी सगळं पुन्हा शून्यापासून सुरू होतं.

चित्र येईपर्यंत सीमारेषेवर सूर्यकुमार यादवने डेव्हिड मिलरचा झेल घेतलेला असतो. तो आता रिप्लेमध्येच पाहायचा.

टीव्ही आणि बॉक्स दोन्ही इन्व्हर्टरवर असते, तर हा झेल चुकला नसता. फक्त टीव्ही जोडून भागत नाही.