ताट आणखी कमी करण्याआधी पावलं मोजा

वस्तीत आरोग्य तपासणी घेतली की वजनाच्या काट्यावरून उतरणाऱ्या भगिनी आम्हाला हमखास सांगतात, "ताई, एक वेळचं जेवण सोडलंय, तरी वजन हलत नाही." त्या खोटं बोलत नसतात. पण जेवण कमी केल्यावर शरीर काय करतं, ते त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

वजन उतरायचं तर अन्नातून येणाऱ्या ऊर्जेपेक्षा खर्च होणारी ऊर्जा जास्त हवी. हा फरक म्हणजे तूट. ती दोन्ही बाजूंनी वाढवता येते: खाणं थोडं कमी करून, किंवा खर्च थोडा वाढवून. आपण बहुतेक वेळा सगळा भार ताटावरच टाकतो. ताट फार कमी झालं की शरीर न सांगता हात आखडता घेतं. माणूस कमी उठतो, जास्त टेकतो, दुकानात पोराला पाठवतो, उभ्याने करायचं काम बसून करतो. हे आळसाने होत नाही, आपल्या लक्षातही येत नाही. ताटात वाचवलेलं त्यामुळे काही प्रमाणात इथे बुडतं.

व्यायाम सोडून दिवसभरात होणारी ही हालचाल किती महत्त्वाची आहे, ते अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे डॉ. जेम्स लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 साली दाखवलं. त्यांनी 16 जणांना आठ आठवडे गरजेपेक्षा रोज 1000 कॅलरी जास्त खायला दिल्या. कुणाची चरबी अर्ध्या किलोहूनही कमी वाढली, तर कुणाची चार किलोंच्या वर. ज्यांची उठबस आणि चालणं-फिरणं आपोआप वाढलं, त्यांच्या अंगावर चरबी कमी चढली.

ही सगळी हालचाल घरी मोजता येत नाही, पण पावलं मोजता येतात. साध्या स्मार्टफोनमधलं अॅपही ती मोजतं. फक्त फोन अंगावर हवा. तो फळीवर किंवा चार्जिंगला असेल तर तुमची पावलं त्याला कळणार नाहीत. साडीला, गाऊनला खिसा नसतो, म्हणून कमरेला छोटा बटवा बांधा. रिक्षा चालवणाऱ्या बांधवांनी लक्षात ठेवावं, की गाडीच्या हादऱ्यांनाही फोन कधीकधी पावलं समजतो.

दहा हजारांच्या आकड्याला मात्र घाबरू नका. 1965 साली जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं. त्याच्या नावाचा अर्थच दहा हजार पावलं मोजणारं, असा होता. तिथून हा आकडा जगभर पसरला. तो काही डॉक्टरांनी तपासून ठरवलेला नव्हता. आपलं लक्ष्य आपल्या आजच्या आकड्यावरून ठरवायचं.

एक उदाहरण घेऊ. घरी शिलाई मशीनवर काम करणारी एक ताई समजा. वय 42, उंची पाच फूट, वजन 66 किलो. पहिला आठवडा तिने काहीही बदलायचं नाही, फक्त रोजचा आकडा लिहायचा. सात दिवसांची बेरीज भागिले सात केल्यावर तिची सरासरी 3600 पावलं निघाली. दुसऱ्या आठवड्यापासून ती 1000 पावलं वाढवते आणि महिनाभरात 6600 वर येते. वाढलेली 3000 पावलं म्हणजे जवळपास अर्ध्या तासाचं चालणं, तेही तीन तुकड्यांत. सकाळी पोराला शाळेत सोडताना लांबच्या गल्लीने, दुपारी शिवलेला माल स्वतः पोचवून, रात्री जेवणानंतर विहारापर्यंत जाऊन येऊन. घामाघूम व्हायचं नाही, वेगळे कपडे नाहीत, फी नाही.

आता हिशेब. तिच्या वजनाला आणि छोट्या पावलाला 1000 पावलांमागे बसून राहण्यापेक्षा साधारण 20 ते 25 कॅलरी जास्त खर्च होतात. म्हणजे 3000 पावलांचे 60 ते 75. एका लहान चपातीएवढंच! नुसत्या चालण्याने महिन्यात पाच किलो उतरतात असं कुणी सांगत असेल, तर ते खरं नाही. पण तीच ताई दिवसातल्या तीन चहांत दोन-दोन चमचे साखरेऐवजी एकेक घालते, तिथे 60 कॅलरी वाचतात. संध्याकाळची पाच-सहा बिस्किटं सोडते, तिथे आणखी सव्वाशे-दीडशे. भाकरी, डाळ, भाजी, अंडं आहे तेवढंच राहतं. सगळी मिळून रोजची तूट 260च्या आसपास जाते. एक किलो चरबी म्हणजे अंदाजे 7700 कॅलरी. हिशेबाने महिन्याला एक किलो, प्रत्यक्षात थोडं कमी-जास्त. पण पोटात भुकेचा खड्डा नाही, चक्कर नाही, म्हणून हे सहा महिने टिकतं.

दुसऱ्या महिन्यात काटा थांबला, तर लगेच आणखी एक भाकरी काढू नका. आधी पावलांची आठवड्याची सरासरी बघा. 6600 वरून ती 5000 वर आली असेल, तर शरीराने हात आखडला आहे. आधी पावलं पूर्ववत करा. तेवढं चालण्याचीही ताकद वाटत नसेल, झोप येत असेल, चिडचिड होत असेल, तर ताट फार कमी झालं आहे, ते थोडं वाढवा. सरासरी जागेवर असेल तर चालून आल्यावर काही वाढीव खाणं होतं का, ते आठवा. एक वडापाव अर्ध्या तासाचं चालणं कितीतरी पटीने भरून काढतो. पाळीच्या आधी अंगात पाणी साठून काटा वर दिसतो, म्हणून वजनासोबत शिलाईच्या टेपने महिन्यातून एकदा कंबरही मोजा.

हा उपाय सगळ्यांसाठी नाही. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या, झाडलोट करणाऱ्या, डोक्यावर पाणी वाहणाऱ्या भगिनींचा दिवस आधीच भरलेला असतो. भांडी घासणं, कपडे आपटणं फोनला दिसत नाही, म्हणून त्यांचा आकडा कमी दिसला तरी अंग थकलेलं असतं. त्यांना "अजून चाला" म्हणणं अन्याय आहे. त्यांनी आधी हिमोग्लोबिन तपासून घ्यावं, चहातली साखर आणि तेल यांकडे बघावं, झोप सांभाळावी. मशीनवर, रिक्षात, वॉचमनच्या खुर्चीवर आठ-दहा तास बसणाऱ्यांना मात्र पावलांचा खरा उपयोग आहे.

शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा. हात थरथरले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर शुगर उतरलेली असू शकते, लगेच साखर खा. शुगर असलेल्यांनी अनवाणी चालू नये आणि रोज रात्री तळवे बघावेत. सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टाकताना टाच दुखत असेल, तर झिजलेली चप्पल बदला आणि आठवडाभर वाढवलेली पावलं निम्मी करा. चालताना छातीत दुखलं किंवा दडपण आलं, तर तिथेच थांबा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. गरोदर भगिनींनी वजन उतरवण्याच्या फंदात पडू नये.

उद्यापासून सात दिवस फक्त आकडा लिहा. कॅलेंडरच्या चौकटीत पेनाने लिहिला तरी चालेल. लक्ष्य त्यानंतर ठरवू.