उलट्या थांबल्या, तरी धोका टळलेला नसतो

रांगतं मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं, मग ते सिगारेटचं थोटूक का असेना. पण तंबाखू कडू लागते, मूल अर्धीअधिक थुंकून टाकतं. जी पोटात जाते तिच्यातलं निकोटिन जठरातल्या आम्लात सावकाश शोषलं जातं आणि तोवर उलटीही होऊन जाते. त्यामुळे एखादं थोटूक चघळलेली बहुतेक मुलं एक-दोन उलट्यांवर निभावतात.

ई-सिगारेटमध्ये भरायच्या द्रवाचं तसं नाही. त्यातलं निकोटिन आधीच विरघळलेलं असतं, वर फळांचा गोड वास. तोंडातल्या नाजूक त्वचेतूनही ते रक्तात उतरतं. दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅम निकोटिन असलेली बाटली घ्या. चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर, म्हणजे १०० मिलिग्रॅम. साधारण आठ-दहा अख्ख्या सिगारेटींच्या तंबाखूत असतं तेवढं. दहा किलोच्या बाळाला एक-दोन मिलिग्रॅमनेही त्रास सुरू होऊ शकतो. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात २०१४ च्या डिसेंबरमध्ये एक वर्षाचं मूल असा द्रव पोटात जाऊन दगावलं. अशा बाटल्यांना मुलांना सहज न उघडणारी झाकणं लावण्याची सक्ती तिथे २०१६ मध्ये कायद्याने झाली. आपल्याकडे ई-सिगारेटच्या विक्रीवर २०१९ पासून बंदी आहे, तरी बाटल्या घरात येतातच.

विषबाधेचे दोन टप्पे असतात आणि फसगत दुसऱ्यात होते. आधी लाळ गळते, उलट्या होतात, अंग पांढरं पडून घाम फुटतो, हात थरथरतात, नाडी धावते, कधी झटके येतात. द्रवामुळे हे काही मिनिटांतही दिसतं. थोटकामुळे तास-दीड तासही लागू शकतो. मग मूल मलूल होतं. उलट्या थांबल्या, आता झोपू दे, असं घरच्यांना वाटतं. पण त्याच वेळी नाडी मंदावत असते, स्नायू ढिले पडत असतात, आणि श्वासाचे स्नायूही त्यातलेच.

निकोटिनवर नेमका उतारा नाही. डॉक्टर झटके आवरतात, नाडी सावरतात, गरज पडली तर कृत्रिम श्वास देतात. तेवढ्यात शरीर विष बाहेर टाकतं. घरी तोंड ओल्या फडक्याने पुसा, द्रव सांडलेले कपडे काढा, अंग साबणाने धुवा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, झटका आला तर ती श्वासनलिकेत जाते. द्रवाचा घोट, अख्खी सिगारेट, तीन थोटकं किंवा यातलं एकही लक्षण दिसलं, तर बाटली किंवा पाकीट सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठा. मूल गुंगीत असेल तर १०८ ला फोन करा. दिल्लीच्या एम्समधलं विषबाधा माहिती केंद्र १८००-११६-११७ वर सल्ला देतं.

घरात मला सर्वांत जास्त भीती वाटते ती थोटूक विझवलेल्या चहाच्या कपाची आणि शीतपेयाच्या बाटलीची. निकोटिन पाण्यात उतरतं आणि मूल ते घटकन पितं. थोटकं तिथल्या तिथे झाकणाच्या कचऱ्यात जाऊ द्या. द्रवाची बाटली कुलपातच हवी, कारण ते झाकण मुलाला फक्त उशीर लावतं. पाहुण्यांच्या पर्सही खुंटीवर उंच टांगा.