आधी तारा वाचा, मग आकडे

परीक्षा जवळ आली की दहावी-बारावीच्या पालकांच्या व्हॉट्सॲपवर एक ठरावीक फोटो फिरू लागतो. वहीचं किंवा पुस्तकाचं पान, जरा तिरकं टिपलेलं, त्यावर बॅटरी आणि चार-पाच रोध. खाली प्रश्न, ‘प्रत्येक शाखेतून किती विद्युतधारा वाहते?’ गणित अवघड नसतं. उत्तर चुकतं ते बहुतेक वेळा चित्र वाचताना.

एक नमुना घेऊ. डावीकडे 12 व्होल्टची बॅटरी आहे. तिच्या धन टोकापासून तार वरून उजवीकडे जाते. वाटेत 12 ओहमचा एक रोध उभा खाली उतरतो. तार पुढे उजव्या कडेला जाऊन खाली वळते, तिथे 1 आणि 5 ओहमचे रोध एकाखाली एक आहेत. खालच्या तारेवर 4 ओहमचा रोध आडवा बसलाय आणि मग तार बॅटरीच्या ऋण टोकाला मिळते.

यातला कळीचा प्रश्न असा: 12 ओहमच्या रोधाचं खालचं टोक तारेला कुठे मिळतं? 4 ओहमच्या उजवीकडे की डावीकडे? फोटो तिरका असेल, सावली पडली असेल, तर हेच नेमकं दिसत नाही. म्हणून आकड्यांना हात लावण्याआधी पेन्सिल घ्यावी आणि मध्ये रोध न लागता जितकी तार सलग जाते, तितक्या सगळ्या तारेला एकच अक्षर द्यावं. वरची सगळी तार ‘अ’. 12 आणि 5 ओहमची खालची टोकं जिथे एकत्र येतात ती तार ‘ब’. 4 ओहम ओलांडल्यावर बॅटरीपर्यंतची तार ‘क’.

आता चित्राचा आकार विसरला तरी चालतो. ज्यांची दोन्ही टोकं त्याच दोन अक्षरांवर आहेत, ते समांतर. कागदावर शेजारी काढलेत म्हणून नव्हे. दोन रोधांच्या मधून तिसरी वाट फुटत नसेल तरच ते एकसर. एखाद्या रोधाच्या दोन्ही टोकांना एकच अक्षर आलं, तर त्यातून धारा वाहतच नाही, त्याला खुशाल वगळावं.

आपल्या चित्रात 1 आणि 5 एकसर, म्हणजे 6 ओहमची एक शाखा. ती आणि 12 ओहम ‘अ’ आणि ‘ब’ यांच्यामध्ये समांतर. गुणाकाराला बेरजेने भागलं, 72 भागिले 18, की 4 ओहम मिळतात. ‘ब’ ते ‘क’ मधले 4 ओहम त्यात एकसर मिळवले की एकूण 8. ओहमच्या नियमाने बॅटरीतून निघणारी धारा 12 भागिले 8, म्हणजे 1.5 अँपिअर.

इथून उलट्या पावली फिरायचं. 4 ओहमच्या रोधातून पूर्ण 1.5 अँपिअर जाते, त्याच्या टोकांमध्ये 6 व्होल्ट पडतात. उरलेले 6 व्होल्ट ‘अ’ आणि ‘ब’ यांच्यामध्ये. 12 ओहममधून 0.5 अँपिअर, 6 ओहमच्या शाखेतून 1 अँपिअर. मोठ्या रोधाला धारेचा मोठा वाटा देण्याची चूक मुलं सर्रास करतात. खरं तर त्याच्या वाट्याला कमी येते. 0.5 अधिक 1 म्हणजे 1.5. किरचॉफ यांनी 1845 मध्ये मांडलेला हिशेब जुळला.

पण जुळला म्हणून निर्धास्त होऊ नये. समजा, फोटोत 4 ओहम उजव्या शाखेतच आहे असं वाचलं. मग ती शाखा 10 ओहमची होते. तिच्यातून 1.2 अँपिअर, 12 ओहममधून 1, आणि बॅटरीतून 2.2. बेरीज इथेही चोख! पडताळा फक्त आकडेमोड तपासतो, वाचन नाही. त्यासाठी पुन्हा फोटोकडेच जावं लागतं.

दशांश चिन्हाचंही तसंच. अंधूक फोटोत 4.7 चे 47 होतात. म्हणूनच अनेक तांत्रिक आकृत्यांत बिंदूऐवजी अक्षर लिहितात: `4R7` म्हणजे 4.7 ओहम, `4k7` म्हणजे 4700 ओहम.

ही रीत सगळीकडे चालत नाही, हेही खरं. व्हीटस्टन सेतूमध्ये मधला रोध ना कुणाला एकसर, ना समांतर. सेतू संतुलित असेल तर मधल्या रोधातून धारा शून्य, तो काढून टाकता येतो. एरवी किरचॉफची समीकरणंच मांडावी लागतात.

तेव्हा कुणाला असा फोटो पाठवणार असाल तर मोबाईल पानाच्या सरळ वर धरा, बॅटरीची दोन्ही टोकं आणि प्रत्येक जोडाचा ठिपका चौकटीत येऊ द्या, आणि रोधांचे आकडे खाली टाइप करून पाठवा.