मंजुरी मागायची तर पहिल्या ओळीत

फोनवर मेल आला की तो उघडण्याआधी तीनच गोष्टी दिसतात: पाठवणाऱ्याचं नाव, विषयाचे पहिले काही शब्द आणि मजकुराची एखाद-दुसरी ओळ. मेल लगेच उघडायचा की रात्री निवांत, हे बऱ्याचदा तेवढ्यावरच ठरतं.

समजा, भोसरीतल्या एका वर्कशॉपला शुक्रवारी ५०० ब्रॅकेट पोहोचवायचे आहेत. पावडर कोटिंगची भट्टी बिघडल्यामुळे ३००च तयार होतील, उरलेले मंगळवारी. त्यासाठी खरेदी अधिकाऱ्याची मंजुरी हवी, आणि ते दिवसभर प्लांटमध्ये फिरतीवर.

नेहमीच्या मेलचा विषय असतो 'आपल्या पर्चेस ऑर्डरच्या अनुषंगाने'. मग विश्वासाबद्दल आभार, भट्टीची हकिकत आणि मंजुरीची विनंती तळाशी. साहेबांना न उघडता दिसतात ते फक्त आभार. तोच मेल असा लिहिता येईल:

विषय: मंजुरी हवी, बुधवारी ४ पर्यंत: ब्रॅकेट दोन खेपांत

नमस्कार सर,
३०० ब्रॅकेट शुक्रवारी आणि २०० मंगळवारी पाठवायला कृपया बुधवारी दुपारी ४ पर्यंत मंजुरी द्यावी.

पावडर कोटिंगची भट्टी बंद पडली आहे. दुरुस्ती गुरुवारी पूर्ण होईल.

दर तोच राहील. दुसऱ्या खेपेचं भाडं आम्ही भरू.

याला चालता चालता 'मंजूर' एवढंच उत्तर देता येतं. 'आज' न लिहिता वार लिहिला, कारण मेल दुसऱ्या दिवशी उघडला तर 'आज' म्हणजे कधी, हा घोळ होतो. कारण आणि खर्च वेगवेगळ्या परिच्छेदांत आहेत, म्हणून हवं ते चटकन सापडतं. कॉम्प्युटरवरचा चार ओळींचा परिच्छेद फोनवर सहज आठ-दहा ओळींचा होतो. त्यामुळे दोन-तीन वाक्यं झाली की एक ओळ मोकळी सोडावी.

मात्र वाक्याच्या मध्येच एंटर दाबून ओळ तोडू नये. कॉम्प्युटरवर ती नीटनेटकी दिसते, पण अरुंद स्क्रीनवर एक ओळ लांब, पुढची दोन शब्दांची, अशी दिसते. रुंद तक्ताही फोनवर एक तर बारीक होतो किंवा बाजूला सरकवावा लागतो. तो फाइल म्हणून जोडावा. निर्णयाला लागणारे दोन-तीन आकडे मात्र मजकुरातच द्यावेत.

अनोळखी माणसाला पहिला मेल लिहिताना आपण कोण, हे एका वाक्यात आधी सांगावंच लागतं. विनंती त्याच्या लगेच खाली यावी.

पाठवण्याआधी मेल स्वतःलाच पाठवून फोनवर पाहावा. स्क्रीन न सरकवता काय हवं आणि कधीपर्यंत, हे कळलं नाही, तर विनंतीचं वाक्य अजून वर न्यायला हवं.