बिलासारखं दिसतं, पण बिल नाही

जुलैतल्या एका संध्याकाळी चिपळूणहून वहिनींचा फोन आला. त्या कोकम आगळ, फणसपोळी आणि घरचे मसाले विकतात. एप्रिलमध्ये त्यांच्या व्यवसायाच्या नावाचं .com डोमेन घेतलं होतं आणि वेबसाइट सुरू होऊन जेमतेम तीन महिने झाले होते.

"भाऊजी, डोमेन संपतंय म्हणे. परवापर्यंत पैसे भरले नाहीत तर सगळं बंद. ८६ डॉलर म्हणजे किती हो?"

"सात हजारांच्या वर. पण भरू नका. मेल आधी मला पाठवा."

मेल खरोखर बिलासारखाच होता. वर ठळक अक्षरांत वहिनींच्या डोमेनचं नाव, त्याखाली 'अंतिम सूचना', मग सूचना क्रमांक, शेवटची तारीख, रक्कम असा तक्ता आणि पैसे भरायचं मोठं बटण. एक वर्ष, दोन वर्षं, दहा वर्षं, शिवाय 'आजीवन' असे पर्यायही होते. डोमेन आजीवन मिळत नाही. .com एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी घेता येतं, त्यामुळे खरं तर तिथेच शंका यायला हवी. पण मोबाइलवर, दुकानात गिऱ्हाईक उभं असताना, असं वाचतं कोण?

"बिल आलंय, म्हणजे भरायलाच हवं."

मेलच्या तळाशी फिक्या करड्या अक्षरांत इंग्रजीत दोन परिच्छेद होते. ते आम्ही फोनवर शब्दन् शब्द वाचले. हे बिल नाही, पैसे भरण्याचं बंधन नाही, असं तिथे चक्क लिहिलेलं होतं. विकायला काढलं होतं ते डोमेनचं नूतनीकरण नव्हतंच, तर सर्च इंजिनमध्ये तुमच्या साइटची 'नोंदणी'. मुदत उलटली तर काय रद्द होईल? डोमेन नाही. 'ही ऑफर'. वाक्य इतकं सफाईने रचलेलं की घाईत वाचणाऱ्याला आपलं नावच जातंय असं वाटावं आणि उद्या कुणी जाब विचारला तर लिहिणाऱ्याला हात वर करता यावेत.

आणि ती 'नोंदणी' म्हणजे तरी काय? गूगल पैसे घेऊन साइटची नोंद करत नाही. साइट त्याला आपोआप सापडते. लवकर सापडावी असं वाटलं तर गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये ती फुकटात जोडता येते. म्हणजे सात हजार रुपये ज्या कामाचे, ते काम विकत घ्यायची गरजच नव्हती.

याच युक्तीचा जुना अवतार कागदी होता. 'डोमेन रजिस्ट्री ऑफ अमेरिका' या सरकारी थाटाच्या नावाची एक खासगी कंपनी लोकांना टपालाने नूतनीकरणाच्या सूचना पाठवायची. पैसे भरले की नूतनीकरण व्हायचंही, पण त्यासाठी तुमचं डोमेन आधीच्या कंपनीकडून उचलून त्यांच्याकडे न्यावं लागे आणि हे ठळकपणे सांगितलेलं नसे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००३ मध्ये या कंपनीवर कारवाई केली. तरी अशी पत्रं थांबली नाहीत. २०१४ मध्ये, जगभरच्या डोमेन नावांचे नियम ठरवणाऱ्या आयकॅनने त्या व्यवसायाशी जोडलेल्या ब्रँडन ग्रे इंटरनेट सर्व्हिसेस या रजिस्ट्रारचे अधिकार ९० दिवसांसाठी स्थगित केले.

त्या पत्रांनी शिकवलेली गोष्ट आजही लागू आहे. नूतनीकरण तुमच्या रजिस्ट्रारकडेच होतं, म्हणजे ज्या कंपनीच्या खात्यात तुमचं डोमेन आज आहे तिच्याकडे. दुसरी कंपनी 'नूतनीकरण करून देतो' म्हणते तेव्हा तिला डोमेन स्वतःकडे हलवावं लागतं. त्यासाठी तुमच्याकडून एक गुप्त कोड लागतो, त्याला ऑथ कोड किंवा ईपीपी कोड म्हणतात. तो घरच्या किल्लीसारखा जपायचा. नवीन .com पहिले ६० दिवस सहसा हलवताही येत नाही, म्हणून या काळात कुणी तसं काही मागितलं तर ते बिनदिक्कत सोडून द्या.

"त्यांना माझं डोमेन आणि ईमेल माहीत आहे, मग ते खरेच असणार."

वहिनींचा खरा प्रश्न हाच होता. त्यांना कसं कळलं? उत्तर निराशाजनक आहे: डोमेन घेणं ही मुळात गुपचूप होणारी गोष्ट नाही. नोंदलेल्या .com नावांची यादी रोज अद्ययावत होते आणि रीतसर अर्ज करणाऱ्याला ती मिळते. कालची आणि आजची यादी ताडून पाहिली की नवी नावं बाजूला निघतात. साइटला कुलपाचं चिन्ह मिळवून देणारं एसएसएल प्रमाणपत्र घेतलं की त्याचीही सार्वजनिक नोंद होते. रजिस्ट्रार कोण आणि मुदत कधी संपते हेही कुणालाही बघता येतं. मालकाचं नाव, पत्ता, फोन हे सगळंसुद्धा पूर्वी उघडं असायचं. मे २०१८ मध्ये युरोपचा विदा संरक्षण कायदा लागू झाल्यावर .com सारख्या नावांसाठी ते बहुतेक ठिकाणी झाकलं गेलं. वहिनींचा ईमेल तर त्यांच्याच साइटवर 'संपर्क' पानावर होता, आणि तो तिथे असायलाच हवा.

तेव्हा माहिती बरोबर असणं हा खरेपणाचा पुरावा नाही. उलट, ती चुकलेली असेल तर तो खोटेपणाचा पुरावा नक्की आहे. वहिनींच्या मेलमधली तारीख जुलैची होती. डोमेन एप्रिलमध्ये एका वर्षासाठी घेतलेलं, म्हणजे ते संपणार पुढच्या एप्रिलमध्ये.

ही ताडणी दोन मिनिटांची आहे. ब्राउझरमध्ये lookup.icann.org स्वतः टाइप करायचं आणि डोमेनचं नाव घालायचं. रजिस्ट्रारचं नाव आणि मुदतीची तारीख समोर येते. .in असेल तर registry.in वर पाहायचं, कारण .in नावांची व्यवस्था आपल्याकडची निक्सी ही संस्था बघते. आयकॅनच्या पानावर `clientTransferProhibited` असा शब्द दिसला तर घाबरू नका. डोमेनला हलवाहलवीचं कुलूप आहे एवढाच त्याचा अर्थ, आणि ते असलेलं बरं. या तारखेत एकच खोच आहे. मुदत उलटल्यावर काही दिवस नोंदीत एक वर्ष पुढची तारीख दिसू शकते, तुम्ही पैसे भरलेले नसले तरी. म्हणून शेवटचा शब्द तुमच्या रजिस्ट्रारच्या खात्यातल्या तारखेचा.

आपल्याकडे आणखी एक गुंता असतो. डोमेन बरेचदा साइट बनवून देणाऱ्या मुलाने घेतलेलं असतं. मग खरं बिल त्याच्याकडून येतं, रजिस्ट्रारचं नाव वेगळंच दिसतं आणि मालकाला दोन्ही अनोळखी वाटतात. अशा वेळी मेलमधल्या नंबरवर नव्हे, तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर त्या मुलाला फोन करा. डोमेन कोणाच्या नावावर, कोणत्या खात्यात आहे, हेही त्याच फोनमध्ये विचारून घ्या.

"आज पैसे भरले नाहीत तर उद्या नाव दुसऱ्याचं."

भीती सगळ्यात जास्त याचीच असते. .com साठी आयकॅनचा नियम असा की रजिस्ट्रारने मुदतीच्या साधारण एक महिना आधी, मग एक आठवडा आधी आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत अशा किमान तीन सूचना द्यायच्या. मुदत संपली की साइट आणि ईमेल बंद पडू शकतात, तो त्रास खरा आहे. पण नाव त्या रात्री जात नाही. बहुतेक रजिस्ट्रार त्यानंतरही काही दिवस नेहमीच्या दरात नूतनीकरण करू देतात. नंतर नाव काढून टाकलं तरी पुढचे ३० दिवस जुन्या मालकाला ते जादा शुल्क भरून परत मिळवता येतं. मग आणखी पाच दिवसांनी ते सगळ्यांसाठी मोकळं होतं. मुदत संपलेली नावं काही रजिस्ट्रार त्याआधीच लिलावात काढतात, म्हणून याच्या भरवशावर राहू नये. पण मध्यरात्रीच्या घड्याळाची भीती घालणारा मेल या वेळापत्रकात कुठेच बसत नाही.

दराचंही तसंच. .com चं वर्षाचं नूतनीकरण आपल्याकडे साधारण हजार-दीड हजारांत होतं. पहिल्या वर्षी सवलतीत दोनशेला मिळालेलं डोमेन दुसऱ्या वर्षी हजाराला पडलं तर ती फसवणूक नाही, फक्त सवलत संपली. सात हजार मात्र वेगळी गोष्ट.

या युक्तीचे दोन चुलतभाऊ थोडक्यात. चीनमधून मेल येतो: एक कंपनी तुमच्या नावाचं .cn घ्यायला आली आहे, तुमचा आक्षेप असेल तर तुम्हीच आधी घ्या. ती कंपनी सहसा कागदावरही नसते. विकणाऱ्याला ते नाव तुमच्याच गळ्यात मारायचं असतं. दुसरा गोड बोलतो: तुमचं डोमेन लाखोंना विकत घेतो, फक्त अमुक साइटवरून मूल्यांकनाचं प्रमाणपत्र आणा. प्रमाणपत्राचे पैसे भरले की गिऱ्हाईक गायब, कारण मूल्यांकन करणारा त्याचाच माणूस.

"मग असले सगळेच मेल खोटे."

वहिनी शेवटी याच निष्कर्षावर आल्या आणि इथे मी त्यांना अडवलं. नवीन .com घेतलं की रजिस्ट्रार ईमेल पडताळणीचा मेल पाठवतो आणि १५ दिवसांत पडताळणी झाली नाही तर त्याला डोमेन थांबवावंच लागतं. हा मेलही घाईचा सूर लावतो आणि दुव्यावर टिचकी मारायला सांगतो. फरक एवढाच की तो पैसे मागत नाही. वर्षातून एकदा 'तुमची माहिती बरोबर आहे का, पाहा' असा मेल येतो, तोही खरा असतो आणि त्यातही पैशाचा विषय नसतो. खात्री वाटत नसेल तर मेलमधला दुवा सोडा आणि पत्ता स्वतः टाइप करून रजिस्ट्रारच्या खात्यात जा. काही अडलेलं असेल तर बहुधा तिथे दिसतंच.

पैसे भरून झाले असतील तर बँकेला लगेच कळवा. कार्डाने भरले असतील तर व्यवहारावर हरकत नोंदवा आणि कार्ड बंद करून घ्या. रजिस्ट्रारचा पासवर्ड खोट्या पानावर टाकला गेला असेल तर तो खऱ्या साइटवर जाऊन बदला आणि डोमेनचं कुलूप अजून लागलेलं आहे का ते पाहा. मग १९३० या क्रमांकावर फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार द्या. हे सगळं त्याच दिवशी करा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आले तरच परत मिळण्याची शक्यता असते.