छायांकित भागातला सर्वांत फायद्याचा कोपरा

आज एका शिलाई दुकानाचं उदाहरण घेऊ. दुकानात कुर्ते आणि पायजमे शिवले जातात. कुर्त्याला 3 मीटर कापड आणि 2 तास लागतात, पायजम्याला 2 मीटर आणि 1 तास. आठवड्याला 120 मीटर कापड आणि शिलाईचे 70 तास मिळतात. पायजमे 45 पेक्षा जास्त खपत नाहीत. एका कुर्त्यामागे नफा 140 रुपये, पायजम्यामागे 80 रुपये. मग किती काय शिवायचं?

कुर्ते x आणि पायजमे y मानले, तर अटी अशा होतात:

3x + 2y ≤ 120
2x + y ≤ 70
y ≤ 45
x ≥ 0, y ≥ 0

प्रत्येक अटीची रेषा आलेखावर काढा. सगळ्या अटी एकाच वेळी पाळणारा भाग छायांकित करा. दुकानाला जमेल अशी प्रत्येक योजना याच भागात आहे.

आता या भागाच्या आतला कुठलाही बिंदू घ्या. तिथून उजवीकडे किंवा वर सरकलं की नफा वाढतो, म्हणून आत थांबण्यात अर्थ नाही. कडेवर पोहोचलात, तर कडेनं चालताना एका दिशेला नफा वाढत जातो आणि ती वाढ कोपऱ्यापर्यंत टिकते. क्वचित कडेवर नफा सारखाच राहतो, पण तेव्हाही कोपरा मागे पडत नाही. म्हणून फक्त कोपरे तपासले की पुरतं.

(0, 0) वर नफा शून्य. बाकीचे असे:

(35, 0): 4900 रुपये
(20, 30): 5200 रुपये
(10, 45): 5000 रुपये
(0, 45): 3600 रुपये

उत्तर: 20 कुर्ते, 30 पायजमे.

इथे एक फसवी जागा आहे. 2x + y = 70 आणि y = 45 या रेषा (12.5, 45) वर छेदतात. तिथला नफा 5350 येतो, म्हणजे आपल्या उत्तरापेक्षा जास्त! पण त्याला कापड 127.5 मीटर लागतं आणि दुकानात आहे 120. हा रेषांचा छेदबिंदू आहे, छायांकित भागाचा कोपरा नाही. मी विद्यार्थ्यांना सांगतो, आधी बिंदू प्रत्येक अटीत घालून बघा, नफा नंतर काढा.

उत्तर आणखी एक गोष्ट सांगतं. (20, 30) वर कापड आणि तास दोन्ही पूर्ण संपतात, पण पायजम्यांची मर्यादा 15 ने मोकळी राहते. त्यामुळे पायजम्यांची जाहिरात करून नफा वाढणार नाही. थोडं जास्तीचं कापड किंवा शिलाईचे जास्तीचे तास मिळाले, तर वाढेल.

आणि कुर्त्याचा नफा 140 वरून 150 झाला तर? हाच कोपरा पहिला येतो. बरोबर 160 झाला, की (20, 30) आणि (35, 0) दोन्हीकडे 5600 येतात. त्याच्यापुढे मात्र फक्त कुर्तेच शिवणं फायद्याचं. हे आकडे तुम्ही स्वतः घालून बघा.